पंचाहत्तर जीबीच्या कौटुंबिक योजनेच्या चुकीच्या हिशेबाबाबत तक्रार

दिनांक : १० ऑगस्ट २०२०
उलवे, नवी मुंबई

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मोबाइल डेटा सेवा विभाग

विषय : दोन मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि घरून काम यांसाठी पुरेशी म्हणून दिलेली डेटा योजना महिना संपण्याआधीच संपत असल्याबाबत.

महोदय,

मी आपल्या कंपनीची पोस्टपेड ग्राहक असून, सिमवर चालणारा राउटर आणि दरमहा ७५ जीबी डेटा अशी आपली कौटुंबिक योजना मी जून महिन्यात घेतली. आमच्या इमारतीत अद्याप फायबरची केबल आलेली नाही आणि सध्याच्या परिस्थितीत सोसायटी बाहेरच्या कामगारांना आत सोडत नाही, त्यामुळे घरातील सर्व काम याच एका जोडणीवर चालते. माझी मुलगी नववीत आहे, मुलगा चौथीत आहे आणि मी एका खासगी कार्यालयाच्या लेखा विभागाचे काम घरून करते.

योजना घेण्यापूर्वी मी आपल्या विक्री प्रतिनिधींना आमच्या वापराची पूर्ण कल्पना दिली होती. मुलीच्या रोज पाऊण तासाच्या चार तासिका, म्हणजे तीन तास. मुलाच्या तशाच दोन तासिका, म्हणजे दीड तास. आणि माझ्या कार्यालयीन बैठका साधारण दीड तास. असे रोज सहा तासांचे व्हिडिओ होतात. प्रतिनिधींनी अत्यंत सौजन्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला : व्हिडिओ वर्गाला तासाला ४५० एमबी, सहा तासांना २.७ जीबी आणि महिन्याचे कामाचे २२ दिवस धरले तर सुमारे ५९ जीबी. त्यावरून ७५ जीबी निर्धास्तपणे पुरतील, असे त्यांनी सांगितले. तो कागद मी जपून ठेवला आहे आणि त्याची प्रत या पत्रासोबत जोडत आहे, कारण माझी तक्रार त्या कागदावरील एका राहून गेलेल्या आकड्याबद्दल आहे.

तासाला ४५० एमबी हा आकडा स्वतःपुरता अचूक आहे. एक एमबीपीएस वेगाने तासभर डेटा येत राहिला, तर बरोबर तेवढाच डेटा खर्च होतो आणि झूमसारख्या ॲपवर समूहाच्या वर्गात येणाऱ्या चित्रासाठी साधारण तेवढाच वेग लागतो. परंतु वर्गात बसलेले मूल केवळ पाहत नसते, ते दिसतही असते. त्याच्या कॅमेऱ्याचे चित्र आणि त्याचा आवाज घरातून बाहेर जातो, त्यासाठी सुमारे ६०० केबीपीएस लागतात आणि आपली कंपनी येणारा व जाणारा असा दोन्ही डेटा मर्यादेत मोजते. म्हणजे तासाचा खरा खर्च ४५० नसून सुमारे ७२० एमबी आहे. सहा तासांना ४.३२ जीबी होतात आणि २२ दिवसांना ९५ जीबी. कार्यालयाच्या संगणकावर दुरून काम करणे, ईमेल, फायली आणि मुलांचा व्हॉट्सॲपवर येणारा गृहपाठ यांसाठी रोज अर्धा जीबी धरला, तर महिन्याची गरज १०६ जीबींवर जाते. यात शनिवार-रविवारचा वापर किंवा कार्यालयीन लॅपटॉपचे अपडेट मी धरलेलेच नाहीत.

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. माझ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर आलेला आणि पाठवलेला डेटा वेगवेगळा दिसतो. जुलैच्या पहिल्या तीन आठवड्यांत पाठवलेला डेटा एकूण वापराच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक होता, म्हणजे वरील प्रमाणाशी तो जवळपास जुळतो. आपल्या ॲपमध्ये मात्र फक्त एकूण वापराचा आकडा मिळतो, तोही बरेचदा दुसऱ्या दिवशी, त्यामुळे डेटा नेमका कशात जातो हे सामान्य ग्राहकाला कळण्याचा काही मार्ग राहत नाही. आपल्या ग्राहक सेवा केंद्राने मला ‘मुले व्हिडिओ पाहत असतील’ असे उत्तर दिले. ज्या घरात मुलांना शाळेसाठीच डेटा अपुरा पडतो, तिथे हे उत्तर ऐकून मला मनापासून वाईट वाटले.

२२ जुलै रोजी दुपारी आमची मर्यादा संपली आणि वेग ६४ केबीपीएसवर आला. या वेगाने काय होऊ शकते, हे आपल्या योजनाकारांनी एकदा प्रत्यक्ष पाहावे अशी माझी विनंती आहे. बैठकीच्या ॲपवर केवळ आवाजासाठीच ६० ते ८० केबीपीएस लागतात. त्यामुळे तीन जण तर सोडाच, एका मुलीला शिक्षिकेचा आवाजसुद्धा सलग ऐकू येत नाही. पडद्यावर ‘Your internet connection is unstable’ असा संदेश येतो, काही वेळाने मूल वर्गातून बाहेर फेकले जाते आणि पुन्हा आत येईपर्यंत गणिताचे अर्धे उदाहरण फळ्यावरून पुसले गेलेले असते. माझ्या मुलीची त्या आठवड्यात बीजगणिताची चाचणी होती आणि ती तिला शेजाऱ्यांकडे बसून द्यावी लागली.

त्या दिवशी मी तक्रार नोंदवली असता, परिसरातील टॉवरवर ताण असल्यामुळे वेग कमी आहे, असे मला सांगण्यात आले. हे खरे नव्हते आणि ते ओळखणे अवघड नाही. टॉवरवरील गर्दीमुळे वेग कमी झाला असेल, तर तो दिवसभर कमी-जास्त होत राहतो आणि मध्यरात्रीनंतर सुधारतो. आमच्याकडे सकाळी दहा वाजता, संध्याकाळी आणि रात्री दोन वाजता घेतलेल्या चाचण्यांत वेग ०.०६ एमबीपीएसवर स्थिर होता, तर शेजारच्या घरात आपल्याच कंपनीच्या सिमवर त्याच वेळी नेहमीचा वेग मिळत होता. मर्यादा ओलांडल्याची ही स्पष्ट खूण आपल्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असायला हवी होती. टॉवरबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मर्यादा शिल्लक असताना आमच्या तिघांचे काम एकाच वेळी व्यवस्थित चालते.

त्यातच, मर्यादा अर्धी संपल्यावर यायला हवी अशी सूचना मला जूनमध्येही मिळाली नाही आणि जुलैमध्येही नाही. संदेश आला तो वेग कमी झाल्यावर. १० किंवा ११ तारखेला सूचना आली असती, तर उरलेल्या डेटात महिना कसा काढायचा याचे नियोजन आम्हाला करता आले असते. त्याऐवजी महिनाअखेरपर्यंत दहा-दहा जीबीचे तीन टॉप-अप घ्यावे लागले, कारण आमच्या गरजेच्या मानाने असा एक टॉप-अप जेमतेम दोन दिवस चालतो. त्या तीन टॉप-अपची किंमत आणि मूळ योजनेचे भाडे एकत्र केले, तर आपल्या मोठ्या योजनेपेक्षा माझे बिल जास्त झाले आहे.

डेटा वाचवण्यासाठी शक्य ते सर्व आम्ही केले आहे. फोनमधील फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे आपोआप होणारे अपडेट बंद केले, लॅपटॉपवर हे वाय-फाय मर्यादित जोडणी म्हणून नोंदवले आणि वर्गात सगळ्यांचे चेहरे एकत्र दाखवणाऱ्या दृश्याऐवजी फक्त बोलणाऱ्याचे दृश्य ठेवले. तिघांनीही कॅमेरा पूर्ण बंद ठेवला, तर तासाला २७० एमबी वाचतात आणि महिन्याची गरज ७० जीबींच्या आसपास येते. याचा अर्थ आपल्या प्रतिनिधींनी मांडलेला हिशेब खरा ठरतो, पण तो फक्त दोन्ही मुले आणि मी महिनाभर कोणालाही न दिसता बसलो तरच. मुलीच्या शाळेत हजेरीला आणि चाचणीला कॅमेरा सुरू असणे बंधनकारक आहे, आणि चौथीतले मूल कॅमेरा बंद केल्यावर किती वेळ वहीसमोर बसते, हे घरात लहान मूल असलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ‘वर्गांसाठी’ म्हणून विकलेल्या योजनेत कॅमेऱ्याचा हिशेब धरलेला नसावा, हे मला अजिबात पटत नाही.

वर्गांचे तास अनिश्चित असतात, त्यामुळे अंदाज चुकू शकतो, असे आपल्याकडून मला सांगण्यात आले. परंतु केंद्र सरकारने जुलैमध्ये जाहीर केलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या जास्तीत जास्त दोन आणि नववी ते बारावीसाठी जास्तीत जास्त चार तासिका असे स्पष्ट नमूद आहे. आमच्या मुलांचे वेळापत्रक नेमके त्याच मर्यादेत बसते. म्हणजे कोणत्या इयत्तेच्या मुलाला जास्तीत जास्त किती तास धरायचे, हे आपल्या कंपनीला आधीच माहीत असू शकते. त्याला ७२० एमबीने गुणणे एवढेच बाकी राहते.

या सर्व बाबी लक्षात घेऊन, जुलैमध्ये घेतलेल्या तिन्ही टॉप-अपची रक्कम माझ्या पुढील बिलात वळती करावी आणि पुढील बिलचक्रापासून मला किमान १२५ जीबींच्या योजनेत, कोणतेही बदल शुल्क न घेता आणि राउटरची मुदत नव्याने सुरू न करता, वर्ग करावे, अशी माझी मागणी आहे. मर्यादा अर्धी झाल्यावरची सूचना माझ्या क्रमांकावर का आली नाही, याचे लेखी स्पष्टीकरणही मला हवे आहे. आणखी एक सूचना मी आग्रहाने करते. मर्यादेनंतरचा वेग ६४ ऐवजी ५१२ केबीपीएस ठेवल्यास चित्र नीट दिसणार नाही, पण आवाज आणि फळ्याचा पडदा दोन्ही मुलांपर्यंत पोहोचेल. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी २०१३ मध्ये किमान तेवढाच वेग ठरवण्यात आला होता. मोबाइल जोडणीवर वेग त्याखाली आणण्याची आपल्याला मुभा असेल, तरीही शाळेसाठी विकलेल्या योजनेत तसे करू नये असे मला वाटते.

या तक्रारीचा डॉकेट क्रमांक मला एसएमएसने कळवावा. ठरलेल्या मुदतीत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास, दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम, २०१२ नुसार ३० दिवसांच्या आत मी आपल्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागेन. सप्टेंबरचे बिलचक्र सुरू होण्यापूर्वी योजना बदलली जावी, कारण मुलीची पुढील चाचणी त्याच महिन्यात आहे.

आपली,
(स्वाक्षरी)

सोबत : प्रतिनिधींनी दिलेल्या हिशेबाच्या कागदाची प्रत, जुलैचे बिल, राउटरवरील वापराचे आणि वेग-चाचण्यांचे स्क्रीनशॉट, दोन्ही मुलांची शाळेची वेळापत्रके.