सेबीच्या अध्यक्षांना खुले पत्र : फॅक्टशीटमधले ड्युरेशन पुरेसे नाही

मा. अध्यक्ष, सेबी, मुंबई

महोदय,

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. दर उतरले की रोख्यांचे भाव चढतात, या भरवशावर अनेकांनी लांब मुदतीच्या गिल्ट फंडांत, म्हणजे सरकारी रोख्यांत गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडांत, पैसे घातले. जूननंतर मात्र लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांचे यील्ड, म्हणजे बाजारभावाने मिळणारा वार्षिक परतावा, वर गेले आणि या फंडांची एनएव्ही घसरली. यील्ड कर्व्ह, म्हणजे वेगवेगळ्या मुदतींचे यील्ड जोडणारी रेषा, सरळ खाली सरकला नाही, त्याला पीळ बसला.

फंडाच्या मासिक माहितीपत्रकातले, म्हणजे फॅक्टशीटमधले, मॉडिफाइड ड्युरेशन यील्ड एक टक्क्याने हलले तर भाव सुमारे किती टक्के हलेल ते सांगते, पण असा पीळ गृहीतच धरत नाही. सगळ्या मुदतींचे यील्ड सारखेच हलेल, एवढ्याच अटीवर तो आकडा खरा.

दोन काल्पनिक फंड घ्या. पहिल्याचे सगळे पैसे १० वर्षांच्या रोख्यात, ड्युरेशन ७.२. दुसऱ्याचे निम्मे २ वर्षांच्या रोख्यात (ड्युरेशन १.९), निम्मे ३० वर्षांच्या रोख्यात (१२.५). त्याची सरासरीही ७.२! तुमच्या जोखीम-तक्त्यात व्याजदराच्या बाजूने दोघेही तिसऱ्याच वर्गात बसतात.

आता समजा २ वर्षांचे यील्ड अर्धा टक्का उतरले, १० वर्षांचे जागचे हलले नाही आणि ३० वर्षांचे ०.३० टक्क्याने चढले. पहिल्या फंडाला काहीच झाले नाही. दुसऱ्याला छोट्या रोख्याने सुमारे ०.४८ टक्के मिळवून दिले, पण मोठ्याने १.८८ टक्के घालवले. म्हणजे दहा लाखांवर १४ हजारांचा फटका, आणि फॅक्टशीटवर दोघांचा आकडा एकच.

की रेट ड्युरेशन हीच फोड करून दाखवते. कर्व्हवरचा एकच बिंदू, समजा ३० वर्षांचा, किंचित हलवायचा. शेजारच्या बिंदूपर्यंत तो बदल उतरत शून्यावर आणायचा. मग रोख्यांची किंमत पुन्हा काढायची. प्रत्येक बिंदूसाठी असे केले की दुसऱ्या फंडाचे २ वर्षांवर सुमारे ०.९५ आणि ३० वर्षांवर ६.२५ निघते (मधल्या कूपनांचा वाटा वेगळा न काढता). बेरीज पुन्हा ७.२, पण ओझे कुठे आहे ते दिसते.

फंड व्यवस्थापकांना हे गणित नवे नाही. ते गुंतवणूकदारापर्यंत येत नाही, एवढेच.

यालाही मर्यादा आहेत. बिंदू कोणते धरायचे यावर आकडे बदलतात. प्रत्येक फंड हाऊसने आपापले निवडले तर तुलनाच संपेल. शिवाय कॉर्पोरेट रोख्यांवर सरकारी रोख्यांपेक्षा मिळणारे जादा यील्ड, म्हणजे स्प्रेड, यात येत नाही.

म्हणून मागणी एवढीच : सर्व रोखे फंडांसाठी २, ५, १०, ३० वर्षे असे समान बिंदू ठरवून द्यावेत आणि फॅक्टशीटमध्ये ड्युरेशनच्या खाली हे चार आकडे दर महिन्याला छापणे बंधनकारक करावे. सुरुवात गिल्ट आणि लाँग ड्युरेशन फंडांपासून केली तरी चालेल.

आपला,
एक रोखे विश्लेषक