कुलूप आधी, काठी नंतर

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला प्रतीत्यसमुत्पादावरचा, म्हणजे अमुक असलं तर तमुक होतं या बुद्धांच्या शिकवणीवरचा लेख दोनदा वाचला. तो शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं छापलाय ते सोडा, पण मागल्या जन्मी जसं कर्म तसे या जन्मी भोग एवढाच त्याचा अर्थ, आणि दुष्काळ पण त्यातलाच, हे वाचून चहा गार झाला बघा. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना हेच विचारतो, तर ते सांगतात की पित्तानं, कफानं, वातानं, ऋतू बदलला तरी त्रास होतो. आठ कारणं मोजली, त्यात कर्म एक. बाकीची सात तुमच्या लेखकांनी कुठं सांडली?

घरचंच सांगतो. आमची विहीर सामाईक, मी आन् चुलतभाऊ, चार-चार दिवसांची पाळी. एका साली मोसंबीला भाव लागला, लई बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून अजून झाडं लावावी वाटली, मग पाणी धुंडाळत फिरलो, विहिरीत आडवा बोअर मारला, पाणी वाढलं, आणि लगेच हिशोब की खर्च माझा तर वाढीव पाणी पण माझंच. त्याच्या पाळीत मोटर तासभर जास्त चालली तरी माझ्या पोटात दुखायचं. शेवटी स्टार्टरच्या पेटीला कुलूप ठोकलं. तिसऱ्या दिवशी त्यानं ते दगडानं तोडलं, मी काठी घेऊन निघालो. चौकीत सांगितलं, काठी कुत्र्यासाठी होती.

दीघ निकायातलं महानिदान सुत्त काढून बघा, ओळीनं हेच आहे. सुखाची वेदना म्हणजे बरं वाटणं, मग तृष्णा, शोध, लाभ, मग तुझं-माझं ठरवणं, जीव अडकणं, ताबा, कंजूषी, राखण, आणि राखणीपायी काठ्या, भांडणं, खोटं बोलणं. त्यात 'तुवंतुवं' असा शब्द आहे, आपलं तू-तू-मैं-मैं! माझ्या कुत्र्याची पण सोय तिथं करून ठेवलेली.

पण कुलूप लावलं की काठी येणारच असं तिथं नाही म्हटलेलं. बुद्ध आपल्या आनंद नावाच्या शिष्याला उलटं विचारतात, कुणाची कसलीच राखण नसती तर काठ्या उगारल्या असत्या का? आनंद म्हणतो, नाही. म्हणजे अलीकडची कडी काढली की पलीकडची उभी राहत नाही. नशिबात आणि यात हाच फरक आहे साहेब.

आमच्याकडं ती कडी काकूनं काढली. नवं कुलूप आणलं होतं ते किल्लीसकट मागून घेतलं, घरातल्या देवळीत ठेवलं, म्हणली पेटी उघडीच राहू दे. खरं तर साखळी वेदना आणि तृष्णा यांच्यामधी तोडायची असते, बरं वाटलं तिथंच थांबायचं, ते मला जमलेलं नाही, भाव वाढला की आजपण झाडं मोजतो. पण त्या दिवसापासून काठी गोठ्यातच आहे.

आणि एक, त्याच लेखाखाली राशिभविष्य छापलंत. माझ्या राशीला भावकीत वाद लिहिलाय. तो कोणत्या कारणानं होणार तेवढं पुढच्या रविवारी छापा.

आपला,
एक जुना वाचक, जि. जालना