शुक्राणूंच्या गोळ्या आणि तीन महिन्यांचा हिशोब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत पुरुषांच्या वंध्यत्वावर लेख आला होता. लेख चांगला होता, पण त्यात एक वाक्य होतं की अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या तीन महिने घेतल्या की रिपोर्ट सुधारतो, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, वीर्य तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. वाक्य तसं खोटं नाही, तीन महिन्यांनी रिपोर्ट बऱ्याचदा सुधारलेला असतो. भानगड अशी आहे की गोळी न घेताही तो बऱ्याचदा सुधारतो.

आधी तीन महिनेच का ते सांगतो. वृषणातल्या मूळ पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात असा हिशोब १९६० च्या दशकात हेलर आणि क्लेरमाँ या दोघांनी मांडला. त्यानंतर शुक्राणू वृषणाला चिकटून असलेल्या बारीक वेटोळ्या नळीतून पुढे सरकतात, तिथे पोहायला शिकतात, त्यात अजून काही दिवस ते दोन आठवडे जातात. पुढे २००६ मध्ये काही पुरुषांना जड पाणी, म्हणजे ज्यातला हायड्रोजन जड प्रकारचा असतो असं पाणी, पाजून त्याची खूण वीर्यात कधी उतरते ते मोजलं गेलं, तर सरासरी ६४ दिवस आले, कोणाला ४२ तर कोणाला ७६. म्हणजे तीन महिने ही थोडी हात राखून सांगितलेली मुदत आहे. आणि एका तारखेला सगळा जुना माल संपून नवा आला असंही होत नाही, काम रोज चालूच असतं, फक्त आज डबीत जे येतं त्याची सुरुवात दोन अडीच महिन्यांपूर्वी झालेली असते.

आता एक उदाहरण घ्या. एका माणसाला चार दिवस सणसणीत ताप येतो, १०३ वगैरे. वृषणं शरीराच्या बाहेर लटकतात ती थोड्या थंडाव्यासाठीच, त्यामुळे तापाने अर्धवट तयार झालेल्या पेशी मरतात. जे आधीच तयार होऊन पुढे सरकलेले असतात ते बरेचसे वाचतात, त्यामुळे लगेच तपासलं तर काउंट म्हणजे शुक्राणूंची संख्या ठीकही दिसेल. खड्डा दिसतो तो काही आठवड्यांनी. हा माणूस पाच आठवड्यांनी लॅबमध्ये येतो, काउंट निघतो मिलीलीटरला ९ मिलियन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा १६ मिलियन आहे, त्यामुळे घरात रडारड. कोणीतरी गोळ्या लिहून देतं, व्हिटॅमिन सी, ई, झिंक, सेलेनियम, कार्निटीन, सगळं एकाच पाकिटात. तीन महिन्यांनी परत तपासणी, काउंट २८. गोळीचा जयजयकार! पण ते २८ मिलियन तापानंतर जन्मलेले आहेत, त्यांनी ताप बघितलेलाच नाही, गोळी घेतली नसती तरी ते आलेच असते.

बरं ताप नसला तरी हेच होतं. एकाच माणसाचा काउंट या महिन्यात १२ आणि पुढच्या महिन्यात ३० असं सहज होऊ शकतं, किती दिवसांनी नमुना दिला, डबीत सगळा पडला की थोडा सांडला, यावरही फरक पडतो. आम्ही मायक्रोस्कोपखाली एकाच नमुन्याचे दोन भाग घेऊन दोन्हीकडे किमान दोनदोनशे शुक्राणू मोजतो, आणि दोन आकडे फार लांब गेले तर ते टाकून परत मोजतो, इतकी ही मोजणी हलणारी असते. आणि दुसरी तपासणी करतो कोण, तर ज्याचा पहिला आकडा कमी आला तोच. कमी आलेला आकडा पुढच्या वेळी नुसता आपल्या नेहमीच्या जागी आला तरी कागदावर ती सुधारणाच दिसते.

म्हणून आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट शेजारीशेजारी ठेवून काहीच ठरत नाही, शेजारी दुसरा गट लागतो ज्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली जाते. अमेरिकेत मॉक्सी नावाची अशी ट्रायल झाली, २०२० मध्ये छापून आली, १७१ पुरुष, सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये काहीतरी कमी होतं, आणि गोळीत वर सांगितलेलं सगळं होतं, शिवाय फॉलिक ॲसिड आणि लायकोपीन. तीन महिन्यांनी औषधाच्या गटात काउंटमधल्या बदलाचा मधला आकडा होता उणे ४ मिलियन, आणि खोट्या गोळीच्या गटात अधिक २.४! हालचाल, आकार, डीएनएची मोडतोड यात दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक नाही. मूल झालं ते औषधवाल्यांत १५ टक्के जोडप्यांना आणि खोट्या गोळीवाल्यांत २४ टक्के. यावरून गोळीने नुकसान होतं असं म्हणता येत नाही, एवढ्या छोट्या संख्येत हा फरक नशिबाचाही असू शकतो, पण फायदा कुठे दिसला?

त्याच वर्षी दुसरी ट्रायल आली ती मोठी, २३७० जोडपी, पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलीग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ३० मिलीग्रॅम झिंक. मूल झालं ३४ टक्के, खोट्या गोळीवर ३५. पोटाच्या तक्रारी औषधवाल्यांत जास्त आणि डीएनएची मोडतोडही थोडी जास्तच.

याच्या उलट बाजूनेही सांगायला हवं. कॉक्रेन या जगभरच्या ट्रायल गोळा करून तपासणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये अशा ९० ट्रायल एकत्र केल्या, त्यात मूल होण्याचं प्रमाण थोडं वाढल्यासारखं दिसतं, कंपन्या तेवढंच दाखवतात. पण ९० पैकी मूल झालं का हे सांगणाऱ्या ट्रायल फक्त १२, बाकीच्यांनी काउंट वगैरे मोजून काम संपवलं, आणि त्या १२ मधल्या कच्च्या ट्रायल बाजूला काढल्या की तो फायदाही उरत नाही.

अँटीऑक्सिडंट द्यायची कल्पना मुळात वेडगळ नाही. शुक्राणूच्या पापुद्र्यात पटकन खराब होणारी चरबी असते, आत स्वतःचं संरक्षण फार कमी असतं, त्यामुळे ऑक्सिडेशनचा, म्हणजे अँटीऑक्सिडंट जी ऑक्सिजनची झीज रोखतं तिचा, मारा त्याला लागतोच. पण थोडं ऑक्सिडेशन त्याला हवंही असतं, त्याशिवाय तो अंड्यात शिरण्याच्या तयारीलाच लागत नाही. त्यामुळे मारा जास्त आहे की नाही हे न बघता सगळ्यांना सरसकट तेच पाकीट द्यायचं, यात गोळी कोणाला लागू पडणार आणि कोणाला नाही हे कळायची सोयच राहत नाही. काही पुरुषांना ती उपयोगी असेलही, पण ते कोण हे अजून कोणी नीट दाखवलेलं नाही.

गोळी घेऊच नका असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण पहिला रिपोर्ट खराब आला तर परत तपासणी करा, आणि व्हेरिकोसील म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा आहेत का ते बघून घ्या, कारण गोळीवर तीन महिने, मग अजून तीन महिने असं करत वर्ष जातं आणि तेवढं बायकोचं वयही पुढे सरकतं.

आणि आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, गेल्या तीन महिन्यांत ताप, आजार, चालू औषधं. बहुतेक जण तो कोरा सोडतात. जिमवाले तर हमखास, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन त्यांना औषध वाटतच नाही, उलट त्याने मर्दानगी वाढते अशी समजूत. प्रत्यक्षात बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणाला काम करायचा निरोप देणंच बंद करतो आणि काउंट शून्यावर जाऊ शकतो. तिथे अँटीऑक्सिडंट काही कामाचं नाही, इंजेक्शन बंद करावं लागतं, आणि भरपाई व्हायला तीन महिने पुरत नाहीत, सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. तेवढा रकाना भरून द्या.

आपला,
एक वाचक