फोटोतलं इष्टलिंग पुसू नका

महोदय,

आजोबांच्या श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी आम्ही एका स्टुडिओत फोटो दिला. परत आला तेव्हा आजोबांच्या अंगात कोट-टाय होता. चेहरा उजळताना कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे डाग समजून पुसले होते आणि गळ्यातलं इष्टलिंग कोटाखाली गडप झालं होतं. लिंगायत माणूस ते आयुष्यभर अंगावर बाळगतो, दफनातही ते सोबत असतं. बॅनर पाहून आजी म्हणाली, "ह्यांना लिंगाविना का उभं केलंय?" तिला काय सांगावं?

चेहरा साफ करताना कपाळ वगळता येतं, मागचा पडदा वेगळ्या लेयरवर बदलता येतो. गळ्याखाली काहीही बदलण्याआधी घरच्यांना विचारा. मूळ फाइलही जपा. आमच्या फोटोचा बदल मूळ फाइलवरच सेव्ह झाला होता.

– एक वाचक, लातूर