बाक दुरुस्त करू देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,

आभार मानायला आले तेव्हा "त्यात काय ताई" म्हणत तुम्ही विषय संपवलात. पण मला राहवत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझ्या मुलाच्या वर्गातल्या बाकाची एका टोकाची फळी मोडली होती. अर्ज दिला, "बघू" म्हणाले. मग ठेकेदाराचा माणूस फूटभराचा तुकडा ठोकून गेला आणि तो आठवड्यात दुभंगला. बोलणी बसली ती मुलांना, मस्ती करतात म्हणून. तुकडा कसा बसवलाय, हे बघायला कोणी वाकलंसुद्धा नाही.

तुम्ही वाकलात. त्या तुकड्यातल्या लाकडाच्या रेषा बाकाच्या लांबीने जायला हव्या होत्या, त्या आडव्या गेल्या होत्या, हे तुम्ही माझ्या लेकाला दाखवलंत. नुसतं सांगून थांबला नाहीत. एकाच फळीच्या दोन सारख्या पट्ट्या कापून दिल्यात, एक रेषांच्या बाजूने, दुसरी रेषांना आडवी, आणि म्हणालात, "वाकव." आडवी पट्टी पापडासारखी मोडली. दुसरी त्याने गुडघ्यावर दाबली तरी नुसती लवली. लाकूड रेषांवरून सहज फुटतं, पण रेषा तोडायला फार जोर लागतो, हे त्याला तेव्हा हाताने कळलं.

मग भंगारातून जुन्या चौकटीचा सागवानी तुकडा त्यानेच निवडला. मधे गाठ असलेला एक बाजूला टाकला, कारण गाठीभोवती रेषा वळतात आणि भार पडला की तिथेच चीर जाते.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते रंध्याचं. त्याने जोरात रंधा मारला आणि गुळगुळीत व्हायच्या ऐवजी लाकडाचे पापुद्रे उचकटले. तो रडवेला झाला. तुम्ही रंधा त्याच्या हातातून काढून घेतला नाहीत. फक्त तुकडा उलटा फिरवलात आणि म्हणालात, "कडेने बघ. रेषा जिकडे वर चढतात, तिकडे ढकल." पुढचा छिलका लांबलचक, गुंडाळत निघाला. काका, चुकल्यावर हातातली वस्तू हिसकावून घेणारी माणसं त्याने खूप पाहिली आहेत. तुमच्यासारखी थोडी. तो घरी आला तो हेच सांगत आला.

स्क्रूसाठी आधी भोकं पाडायची, नाहीतर टोकाशी लाकूड चिरतं, हेही तो आता मलाच शिकवतो.

त्या बाकावर परत तिघं बसतात. शेजारच्या वर्गातला एक बाक डुगडुगतोय, असं कानावर आलंय. रविवारी माझा लेक तुमच्याकडे येईल. उरलेले तुकडे तेवढे टाकून देऊ नका.

तुमच्या ऋणात असलेली,
त्याची आई