मराठीतील जीवे मारण्याच्या धमकीची पोस्ट न काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
निवासी तक्रार निवारण अधिकारी,
भारत कार्यालय

विषय: धमकीची पोस्ट, तिच्याखालील कमेंट व तिच्या प्रती काढणे आणि नोंदी जपून ठेवणे.

महोदय / महोदया,

मी नांदेड जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या घाटावर रात्री सक्शन पंप लावून वाळू उपसतात. त्याविरुद्ध मी तहसीलदारांकडे लेखी अर्ज दिला आणि पंचनामा झाला. त्यानंतर तालुक्याच्या एका सार्वजनिक ग्रुपवर माझ्या फोटोसह ही पोस्ट आली:

"बाईंच्या तेराव्याची पंगत यंदा घाटावरच बसवू. बुंदी आपल्याकडून. बाई रोज साडेपाचला फाट्यावरून एकट्याच स्कूटीवर येतात, भेटून घ्या."

खाली कमेंट आहेत: "कार्यक्रम कधी?" आणि "हायवा तयार आहे."

मी "हिंसा किंवा धमकी" हा पर्याय निवडून रिपोर्ट केला. काही मिनिटांतच "आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही" असे उत्तर आले. फेरविचार मागितला, तर तेच वाक्य पुन्हा आले. इतक्या झटपट आणि शब्दशः सारख्या उत्तरांवरून मराठी जाणणाऱ्या माणसाने ती पोस्ट वाचली असेल असे मला वाटत नाही.

या पोस्टमध्ये मारणे, कापणे, रक्त असा एकही शब्द नाही. शब्द चाळणाऱ्या यंत्रणेला त्यात जेवणाचे आमंत्रण दिसेल. पण तेरावे माणूस मेल्यावर घालतात आणि मी जिवंत आहे. आमच्याकडे एखाद्याचा "कार्यक्रम करणे" म्हणजे त्याला संपवणे. हायवा म्हणजे वाळू वाहणारा मोठा डंपर, आणि वाळूच्या गाड्या अडवणाऱ्या महसूल कर्मचाऱ्यांच्या अंगावर वाहन घातल्याच्या घटना आपल्या राज्यात घडलेल्या आहेत. त्यातच माझी येण्याची वेळ, रस्ता, वाहन आणि मी एकटी असते हेही लिहिले आहे. हे सगळे एकत्र वाचले तर अर्थाबद्दल शंका उरत नाही. कमेंट करणाऱ्यांनाही तो कळला आहे, म्हणूनच ते वेळ विचारत आहेत.

याहून संताप आणणारी गोष्ट पुढे आहे. गावातल्या लोकांना सावध करण्यासाठी मी त्या पोस्टचा स्क्रीनशॉट टाकला आणि वर "हे लोक माझा खून करण्याची धमकी देत आहेत" असे लिहिले. तुम्ही माझी पोस्ट काढलीत! मूळ पोस्ट आजही तिथेच आहे.

यावर माझी मागणी अशी. मूळ पोस्ट, वरच्या दोन्ही कमेंट आणि तो फोटो मराठी वाचता येणाऱ्या माणसाकडे द्या. माझ्या मराठीचे यंत्राने केलेले भाषांतर वाचून निर्णय घेऊ नका, आणि लिपी देवनागरी आहे म्हणून मजकूर हिंदी तपासणाऱ्याकडेही पाठवू नका. काही जण हीच धमकी रोमन अक्षरांत, मध्ये टिंबे टाकून लिहीत आहेत. काही तिचा फोटो करून फिरवत आहेत. मूळ दुवा बंद केला तरी या प्रती राहतील, म्हणून मला सापडलेले सर्व दुवे सोबत जोडले आहेत. चित्राच्या जुळत्या प्रती तुम्ही तुमच्या बाजूने शोधून काढा. माझी सावधगिरीची पोस्ट परत लावा.

पोस्ट काढताना तिची नोंद मात्र पुसू नका. मी पोलिसांत तक्रार दिली आहे. जीवे मारण्याची धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 351(3) खाली 7 वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. बनावट नावाच्या त्या खात्यामागे कोण आहे, हे तपासाला तुमच्याच नोंदींतून कळू शकते. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 प्रमाणे काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी तपासासाठी 180 दिवस जपून ठेवायच्या असतात. त्या जपल्याचे मला लेखी कळवा.

याच नियमांनुसार तक्रारीची पोच 24 तासांत मिळायला हवी. पोचेसोबत तक्रार क्रमांक द्या. पोस्ट न काढण्याचा निर्णय झाला, तर कोणत्या नियमात ती बसते आणि "तेराव्याची पंगत" याचा तुमच्या तपासणाऱ्याने काय अर्थ घेतला, हे मराठीत लिहा. ते उत्तर घेऊन मी 30 दिवसांच्या मुदतीत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करणार आहे.

उत्तर येईपर्यंत फाट्यावरून मला एकटीला येता येत नाही, घरातला कुणीतरी रोज घ्यायला येतो. म्हणून पोस्ट, कमेंट आणि फोटो आजच बंद करा, बाकीचा पत्रव्यवहार नंतर होईल.

आपली,
तक्रारदार
(नाव, खात्याचा दुवा व मोबाइल क्रमांक स्वतंत्र पानावर)

सोबत: पोस्ट व कमेंटचे दुवे, तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट, तुमची दोन्ही उत्तरे, पोलीस तक्रारीची पोच.