दामूच्या वेबिलातले तीन रुपये

परळ, मुंबई

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या खेपेस तू चाळीत आलास, तेव्हा दामूचा विषय निघाला आणि अर्धवटच राहिला. त्याची ती रोजच्या तुटीची हकीकत नीट लिहून पाठव, असे तू जाताना म्हणाला होतास. मी तेव्हा डेपोत हिशेबाच्या खिडकीमागे बसत असे आणि दामू त्याच डेपोतून वाहक म्हणून ड्यूटीवर जात असे, त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूंची गोष्ट मला ठाऊक आहे.

तिकिटाचे यंत्र येण्यापूर्वीचा तो काळ. वाहकाच्या हातात पत्र्याचा ट्रे असे, त्यात निरनिराळ्या किमतींचे पातळ कागदी तिकिटांचे गठ्ठे अडकवलेले असत, आणि दुसऱ्या हातात पंच. गठ्ठ्यात शंभर तिकिटे असत, क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे शून्य-शून्यपासून नव्याण्णवपर्यंत. सकाळी प्रत्येक किमतीच्या पहिल्या न विकलेल्या तिकिटाचा क्रमांक वेबिलावर, म्हणजे दिवसाच्या हिशेबाच्या कागदावर, लिहायचा आणि संध्याकाळी पुन्हा तसाच लिहायचा. दोहोंमधले अंतर म्हणजे विकलेली तिकिटे, त्याला किमतीने गुणले की भरणा. मधल्या काळात प्रत्यक्ष काय घडले, हे वेबिलाला कळत नाही. ते फक्त सुरुवात आणि शेवट जाणते.

त्या पावसाळ्यात दामूचा भरणा रोज कमी पडू लागला. सोमवारी तीन रुपये, मंगळवारी सहा, बुधवारी पुन्हा तीन, गुरुवारी काही नाही, शुक्रवारी सहा. रक्कम क्षुल्लक होती, पण तूट वाहकाने जागेवरच भरायची असे, आणि रोज भरणारा माणूस वरच्यांच्या नजरेत भरतो. सुट्टे देताना आपला हात चुकतो, अशी दामूने स्वतःची समजूत करून घेतली होती. तो शर्टाच्या खिशात तीन रुपयांची नाणी वेगळी ठेवून येऊ लागला. त्याच्या बायकोने एक उपाय सुचवला की, रोज भरायचेच आहेत तर सकाळीच ते पैसे पिशवीत टाकून द्यावेत, म्हणजे संध्याकाळी हिशेब जुळेल आणि कोणी काही बोलणार नाही. बिचारीला त्यातला धोका माहीत नव्हता. वाटेत तपासनीस चढला आणि त्याने पिशवी मोजली, तर तिकिटांपेक्षा पैसे जास्त निघतील. आणि जास्त पैशांचा अर्थ एकच लावला जातो, की भाडे घेतले आणि तिकीट फाडले नाही. म्हणूनच वाहकाजवळचे खाजगी पैसेदेखील ड्यूटी सुरू होण्यापूर्वी वेबिलावर नोंदवायचे असत. दामू रोज तिथे तीन रुपये लिहीत असे. पुढे पुढे ती नोंद वाचताना मलाच ओशाळल्यासारखे होई.

सुट्ट्यांच्या चुकीची शंका मलाही प्रथम पटली होती. ती चूक बहुधा तुटीकडेच झुकते, कारण ज्याला पैसे कमी मिळाले तो तिथल्या तिथे ओरडतो आणि ज्याला जास्त मिळाले तो पुढच्या थांब्यावर मुकाट्याने उतरून जातो. पण मग कधी रुपया, कधी दोन, कधी पाच असा काहीही आकडा निघायला हवा होता. इथे प्रत्येक वेळी तिनाचीच पट. नाण्यांना तिनाचे काय अप्रूप? तीन रुपये ही तिकिटाची किंमत होती, तेव्हा मी दामूला म्हटले, "अरे, तुझे पैसे हरवत नाहीत, तिकिटे हरवताहेत."

मग आम्ही जुनी वेबिले काढून बसलो. शुक्रवारचे उदाहरण देतो. सकाळी तीन रुपयांचा चालू गठ्ठा बासष्टवर होता, म्हणजे त्यात अडतीस तिकिटे शिल्लक होती. ती संपली, त्यानंतर दोन पूर्ण गठ्ठे संपले आणि चौथ्यातली सतरा विकली गेली. एकूण दोनशे पंचावन्न तिकिटे, सातशे पासष्ट रुपये. तीन रुपयांच्या तिकिटांपोटी पिशवीत सातशे एकोणसाठ धरता येत होते. मला आधी वाटले की ओलसर हवेत दोन तिकिटे चिकटून एकदम फाटत असतील. पण तसे असते तर गर्दीच्या प्रत्येक दिवशी कमी-अधिक तूट आली असती, आणि गुरुवार एवढा स्वच्छ निघाला नसता. गुरुवारी वेगळे काय होते, हे पाहू लागलो तेव्हा दिसले की त्या दिवशी त्याला दुपारची हलकी ड्यूटी होती आणि सुरुवातीला लावलेला गठ्ठा रात्रीपर्यंत संपलाच नव्हता. सोमवारी एक गठ्ठा संपला होता, मंगळवारी दोन, बुधवारी एक. शुक्रवारी मात्र तीन संपले होते आणि तूट दोनच तिकिटांची होती. तो एक आकडा सोडला तर तूट आणि संपलेले गठ्ठे हातात हात घालून चालले होते. एक आणि दोन रुपयांचे गठ्ठे कित्येक दिवस पुरत, म्हणून तिकडची चूक कधी डोळ्यांवर आलीच नव्हती.

"गठ्ठा संपला की तू काय करतोस?" मी विचारले.

"काय करणार? तळाचा पुठ्ठा काढून टाकतो आणि नवा अडकवतो."

लालबागच्या उतारूंनी गच्च भरलेल्या गाडीत, एका हाताने दांडी धरून, तो हे काम करत असे हे तूही पाहिले आहेस. मी त्याला सांगितले की उद्या एकही पुठ्ठा टाकू नकोस, सगळे खिशात घाल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने खिडकीत दोन पुठ्ठे ठेवले. पहिला कोरा होता. दुसऱ्याला तारेच्या टाक्यापाशी, घामाने आणि पावसाने पापडासारखे चिकटलेले नव्याण्णव क्रमांकाचे तिकीट होते. तूट तीन रुपये. शुक्रवारचा तिसरा गठ्ठाही असाच कोरा सुटला असणार. शेवटचे तिकीट न विकता पुठ्ठ्याबरोबर फेकले जात होते, आणि नवा गठ्ठा लागला म्हणजे जुना संपला, असे धरून वेबिल त्याची किंमत मागत होते. ते तिकीट न विकलेले म्हणून जमा करून घेता आले आणि त्या दिवसाचे तीन रुपये वाचले. आधी फेकलेल्या पुठ्ठ्यांचे मात्र काहीच करता येण्यासारखे नव्हते. महिनाभर दामूने ते पैसे भरले, ते गेले ते गेलेच. मला विचारशील तर पैशांपेक्षा त्याला दुसरेच लागले होते. आपला हात चुकतो, हे तो घरीदारी कबूल करून बसला होता.

त्यानंतर त्याने सवयच लावून घेतली. गठ्ठ्यात चार-पाच तिकिटे उरली की तो थांब्यावर गाडी उभी असताना अंगठ्याच्या नखाने तळाचे तिकीट आधीच सुटे करून ठेवत असे.

पहिल्यांदा भरणा जुळला त्या संध्याकाळी मी अजून बेरीज करत होतो, तोच त्याने सवयीने खिशातली तीन नाणी खिडकीतून आत सरकवली. मी ती परत सरकवली. त्याने माझ्याकडे पाहिले, पिशवी पुन्हा उलटी केली आणि मागे रांग उभी असताना सगळी रक्कम पहिल्यापासून मोजायला घेतली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रमाकांत